दर शंभर तासांमागे

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कंपनीच्या पोर्टलवर वर्षभराच्या स्वतःच्या कामाचा आढावा भरायचा असतो. चार उद्दिष्टं, चार रकाने. प्रत्येक रकान्यात काय केलं, किती फरक पडला आणि पुरावा काय, हे लिहायचं. शेवटी स्वतःच स्वतःला एक ते पाचमधला आकडा द्यायचा. गेल्या वर्षी मी चारही रकान्यांत मिळून सहा ओळी लिहिल्या होत्या. ‘सर्व बिघाड वेळेत दुरुस्त केले’ अशा थाटाच्या. मला तीन मिळाले. तीन म्हणजे अपेक्षेप्रमाणे, म्हणजे कुणाला आठवणार नाही असं.

यंदा मला तीन नको होते. बेंगलोरजवळ देवनहळ्ळीच्या आमच्या कारखान्यात नवी शेड उभी राहत होती. विमानाचे छोटे सुटे भाग कापणारी पाच नवी कोरी मशिनं तिथे येणार होती. त्यांची देखभाल वरिष्ठ इंजिनियरच्या हातात जाणार होती आणि वरिष्ठाची जागा एकच होती. नावं दोन होती. एक माझं, एक दुसऱ्या विभागातल्या एका मुलाचं. मला ती मशिनं हवी होती. हे मी कुणाला बोलून दाखवत नव्हते, पण रोज जेवणानंतर त्या अर्धवट शेडवरून चक्कर मारून यायचे, त्यामुळे सगळ्यांना कळलंच असणार.

सोमवारी मी कच्चा मजकूर घेऊन मॅनेजरांकडे गेले. ते हुबळीकडचे. मराठी त्यांना नीट कळतं, बोलतातही, फक्त मीटिंगमध्ये बोलत नाहीत. मी अभिमानाने पहिली ओळ दाखवली: वर्षभरात तीनशे अठरा वर्क ऑर्डर पूर्ण केल्या.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “बरं. आणि?”

“आणि काय सर? तीनशे अठरा आहेत.”

“मशिन बिघडलं, तू नीट केलंस. त्यासाठीच तुला ठेवलंय. उद्या कुणी विचारेल की तीनशे अठरा वेळा बिघडू का दिलंस, तर?”

हा विचार माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

“तुझ्यामुळे काय बदललं ते लिही,” ते म्हणाले. “आधी किती, नंतर किती. आणि मी ते टेबलावर ठेवून भांडू शकेन असा कागद दे. रेटिंग ठरवायच्या मीटिंगला तू नसतेस, मी असतो. माझ्या हातात काहीतरी दे. शुक्रवारी पाचला पोर्टल बंद होतंय.”

आमच्या घरात आपण केलेलं काम सांगत फिरायची पद्धत नाही. वडील सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावी एसटी स्टँडबाहेर पंक्चर काढतात. तीस वर्षांत किती ट्यूब चिकटवल्या हे त्यांना कुणी विचारलेलं नाही, त्यांनीही मोजलेलं नाही. आई अंगणवाडीत मदतनीस. दोन्ही बाजूंच्या घरांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. डिग्रीचा फोटो दुकानात, हवेच्या कॉम्प्रेसरच्या वर, खिळ्याला लावलेला आहे. त्याच्यावर ग्रीसचे ठसे आहेत, कारण येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो काढून दाखवला जातो. म्हणजे तसं पाहिलं तर सांगत फिरायची पद्धत आहे, फक्त स्वतःबद्दल नाही.

मॅनेजरांच्या खोलीतून बाहेर पडले तेव्हा मला हिरमुसायला हवं होतं. पण जिन्यातच मला हवेची लाइन आठवली आणि मी उरलेल्या पायऱ्या जवळजवळ पळतच उतरले.

आमच्या जुन्या शेडमध्ये सोळा मशिनं आहेत. त्यातली तीन सगळ्यात जुनी, अगदी टोकाला. ती अधूनमधून हत्यार बदलताना मध्येच अडकायची. हत्यार बदलणारा हात दाबाच्या हवेवर चालतो. तो अर्ध्यात थांबला की मशिन लाल दिवा लावून उभं. कुणीतरी जायचं, हात मागे घ्यायचा, पुन्हा चालू करायचं. पाच-सात मिनिटांचं काम. पंधरा मिनिटांच्या आतलं थांबणं आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बिघाड म्हणून चढतच नाही, त्यामुळे ते कुणाच्याच खात्यात नव्हतं. एप्रिलमध्ये उद्दिष्टं ठरवताना मीच ते घालून घेतलं होतं: या तीन मशिनांचे छोटे थांबे कमी करणे. तीस टक्के कमी झाले तर तीन, पन्नास टक्के झाले तर चार, सत्तर टक्के झाले तर पाच.

कारण शोधलं ते अण्णांमुळे. अण्णा म्हणजे त्या तीन मशिनांचे सुपरवायझर. त्यांची माणसं तीनेकशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आली, असं ते सांगतात, आणि परत जायचं विसरली, असंही सांगतात. त्यांचं मराठी ऐकायला पहिले दोन महिने मला कान टवकारावे लागले. तेच मला म्हणाले होते, “नोडम्मा, बघ, हे सगळं पावणेदोनला होतंय. पावणेदोनला काय असतंय? सगळे हवेची गन घेऊन मशिनं झाडतात.” पहिली शिफ्ट दोनला सुटते, दुसरी रात्री दहाला, तेव्हाही तेच. त्याआधी सोळा मशिनांवर सोळा माणसं एकदम हवेच्या झोताने कापलेल्या धातूचा कीस उडवतात आणि लाइनच्या टोकाशी दाब पडतो. मी प्रेशर गेज लावून तीन दिवस पाहिलं. अण्णांचं खरं निघालं. मग त्या तीन मशिनांसाठी हवेची छोटी टाकी बसवली, आणि टाकीतली हवा मुख्य लाइनमध्ये उलटी जाऊ नये म्हणून एकदिशा व्हॉल्व्ह. सप्टेंबरच्या शेवटी काम पुरं झालं आणि थांबे कमी झाले. किती, ते कुणी मोजलं नाही. मीही नाही. दुरुस्ती झाली, मी पुढच्या कामाला लागले.

पण अण्णांचं शिफ्ट रजिस्टर होतं. प्रत्येक थांबा, वेळेसकट, शिफ्ट संपताना दोन सह्या.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन बसले. डबा एका बाजूला, लॅपटॉप एका बाजूला.

“अण्णा, मेपासूनची रजिस्टरं पाहिजेत.”

“कशाला? ऑडिट आहे का?”

“माझं वर्षाचं लिहायचंय. पुरावा पाहिजे.”

त्यांनी कपाटातून तीन जाडजूड वह्या काढल्या आणि वरची धूळ माझ्याच दिशेने झटकली. “माझ्या अक्षराला पुरावा म्हणणारी तू पहिलीच. घरची म्हणते, तुमची यादी वाचून किराणावाला पण परत फोन करतोय.”

अक्षराचा प्रश्न नव्हता, लिपीचा होता. अण्णा बोलतात मराठी, लिहितात कन्नडमध्ये, आकडेसुद्धा कन्नड. मला बसवरचे नंबर वाचण्याइतकंच कन्नड येतं. शेवटी ते वाचत गेले आणि मी भरत गेले. “दोन तारीख, दुसरं मशिन, तेरा-अठ्ठेचाळीस, सहा मिनिटं. तीन तारीख, पहिलं मशिन, तेरा-पन्नास. स्वल्प थांब, चपाती खाऊ दे.” मंगळवारी मे ते जुलै झालं. बुधवारी फेब्रुवारीपर्यंत पोचलो. आधीचे पाच महिने, मे ते सप्टेंबर. नंतरचे पाच महिने, ऑक्टोबर ते फेब्रुवारी.

बुधवारी सुट्टी संपायला चार मिनिटं असताना मी बेरीज केली. आधी एकशे एकोणनव्वद थांबे. नंतर बावन्न.

मी तो आकडा दोनदा तपासला. बहात्तर टक्क्यांहून जास्त घट. सत्तरच्या वर. म्हणजे पाच.

“किती?” अण्णांनी विचारलं.

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. त्यांनी दोन्ही आकड्यांखालून बोट फिरवलं. मग म्हणाले, “आयतु, झालं. शेड तुझी. मला चहा.”

त्या दुपारी मी चालत नव्हते, तरंगत होते. मी कच्च्या मजकुरात लिहिलं: थांबे बहात्तर टक्क्यांनी कमी. पुरावा, शिफ्ट रजिस्टरची स्कॅन केलेली पानं. आणि खाली एक ओळ: दिवसातल्या वेळेचा संबंध सुपरवायझरांनी प्रथम लक्षात आणून दिला. सुपरवायझरांना असं पोर्टल नसतं. त्यांचं कुठे लिहिलं जाणार असेल तर ते माझ्याच रकान्यात.

गुरुवारी सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसले. बनशंकरीहून देवनहळ्ळी म्हणजे अख्खं शहर आडवं कापायचं. इतर लोक डोळे मिटतात, मी घरी फोन करते. वडील सातला दुकान उघडतात.

“आबा, माझं काम निघालं चांगलं. मशिनं आधी एकशे एकोणनव्वद वेळा अडकली होती, मी दुरुस्ती केल्यावर बावन्न वेळा.”

“व्हय?” मागे कॉम्प्रेसर धडधडत होता. “कुठनं कळलं?”

“रजिस्टरात लिहिलेलं असतं.”

“न्हाई, ते कळलं. पर तुझ्या दुरुस्तीनंच कमी झालं, हे कुठनं कळलं?”

मी जरा चिडले. “मग कशाने कमी होणार?”

“आता आमच्याकडं बघ. एकाचं पंक्चर काढलं, त्यो सा महिने आला न्हाई. मी म्हनलं, बघा, कसं पक्कं चिकटवलं. मग एक दिवस गावला तर म्हनतो, गाडी पोरानं पुन्याला नेली, सा महिने शेडात हुती. परत आला न्हाई म्हंजे नीट झालं असं नसतंय बाय. चालवली किती, ते बघायचं.”

“मशिनं चालूच आहेत आबा. मी रोज बघते.”

“मग झालं. ठेवू? गिऱ्हाईक आलंय.”

बस हेब्बाळच्या उड्डाणपुलावर अडकली होती. मी फोन मांडीवर ठेवला. मी रोज बघते. सकाळच्या फेरीला, जेवणाच्या आधी. त्या टोकाला जायची माझी वेळ ती. मी बघते तेव्हा ती तिन्ही चालूच असतात. दोननंतर?

आठवलं ते तिथेच, पुलावर. नोव्हेंबरमध्ये प्लॅनिंगचा एक मेल आला होता. त्या तीन मशिनांवर होणाऱ्या भागाची मागणी कमी झाली, त्यांची दुसरी शिफ्ट बंद. मी तो वाचला होता. ‘नोंद घेतली’ असं उत्तरही दिलं होतं. आणि आकड्यांच्या नादात पार विसरले होते. दोन ते दहा मशिनं चालतच नसतील तर अडकणार कशी?

उतरल्या उतरल्या मी अण्णांना गाठलं. “अण्णा, नोव्हेंबरपासून दुसरी शिफ्ट नव्हती.”

“नव्हती,” ते शांतपणे म्हणाले.

“मग काल का नाही बोललात?”

“तू थांबे विचारलेस. मी थांबे वाचले.” माझा चेहरा पाहून त्यांनी हातातली किल्ली खाली ठेवली. “आता काय करतेस?”

खरं सांगायचं तर दहा मिनिटं मी काहीच केलं नाही. बहात्तरचा आकडा खोटा नव्हता. रजिस्टरात तेच होतं, सह्यांसकट. तसाच पाठवला असता तर कदाचित कुणी काही विचारलंही नसतं. पाच मिळाले असते. त्या दुसऱ्या मुलालाही पाच मिळणार अशी चर्चा होती. मी चारवर आले तर शेड गेली, असाच माझा हिशोब होता.

पण आबांनी विचारलेला प्रश्न आता माझ्या डोक्यातून जात नव्हता. आणि एसटी स्टँडवर बसलेल्या माणसाला जो प्रश्न सुचला, तो मीटिंगमधल्या सात साहेबांपैकी एकालाही सुचणार नाही, असं मानायला मी तयार नव्हते.

प्रत्येक मशिनमध्ये ते किती तास चाललं हे मोजणारं मीटर असतं. दर महिन्याच्या एक तारखेला देखभालीची चेकलिस्ट भरताना मीच ते रीडिंग लिहिते. चेकलिस्ट माझ्याच कपाटात होत्या. तीन मशिनं, पाच महिने आधी, पाच महिने नंतर. दुपारपर्यंत वजाबाक्या संपल्या. आधी तिन्ही मिळून पाच हजार चारशे तास. नंतर तीन हजार दोनशे चाळीस.

म्हणजे आधी दर शंभर तासांमागे साडेतीन थांबे. नंतर एक पूर्णांक सहा. घट चोपन्न टक्के.

चोपन्न. चारचा आकडा.

मला वाटलं होतं की वाईट वाटेल. पण त्या आकड्याकडे पाहत बसले आणि हळूहळू पुन्हा तोच आनंद चढायला लागला, कालच्याहून जास्त. कालचा आकडा माझा आणि मागणीचा अर्धा अर्धा होता. हा सगळा माझा होता. माझा आणि अण्णांचा. मशिन चालतंय, आणि तरी अडकत नाहीये. दाब दाखवणाऱ्या गेजचे आधीचे आणि नंतरचे फोटो माझ्या फोनमध्ये होते, तेही निघाले. मी जेवायचं विसरले. अण्णांनी येऊन टेबलावर एक केळं ठेवलं आणि गेले.

शुक्रवारी सकाळी मॅनेजरांना दाखवायला गेले. त्यांनी आधी वरचा मजकूर वाचला, मग खालचा.

“बहात्तर म्हणाली होतीस ना? अण्णा सगळ्या शेडला सांगत फिरत होते.”

“ते थांब्यांचे. तासांमागे चोपन्न आहेत. दुसरी शिफ्ट बंद होती ते मी विसरले होते.”

“म्हणजे तू स्वतःचं रेटिंग स्वतः कमी केलंस.”

“जेवढं झालं तेवढं लिहिलं.”

“बहात्तर पण लिही,” ते म्हणाले. “दोन्ही लिही. थांबे इतके, तास इतके, आणि उद्दिष्टासाठी चोपन्न धरलेत, का ते एका ओळीत. लपवल्यासारखं काहीच नको, चांगलं पण नको.” मग खालच्या ओळीवर बोट ठेवलं. “हे अण्णांचं ठेवायचंच का? आढावा तुझा आहे.”

“त्यांनी पावणेदोन म्हटलं नसतं तर मी अजून मोटर उघडून बसले असते.”

“सरी, राहू दे,” ते म्हणाले, आणि चष्मा खाली घेतला.

तीनशे अठराची ओळ मी काढली नाही. शेवटच्या रकान्यात, एका वाक्यात ठेवली. इतकी कामं केली होती, थोडी तरी दिसू देत. स्वतःला चार दिले. चार वाजून दहा मिनिटांनी ‘सबमिट’ दाबलं. बटण राखाडी झालं. आता बदलता येणार नव्हतं.

त्यानंतरचे तीन आठवडे मी शेडवर चक्कर मारायला गेले नाही. दृष्ट लागेल असं काही नाही, पण गेले नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला एका मंगळवारी मॅनेजरांनी बोलावलं. दार लावायला सांगितलं.

“मीटिंग दोन तास चालली,” ते म्हणाले. “उत्पादनाचे हेड आले होते. त्यांनी सगळ्यांच्या कागदावर एकच प्रश्न विचारला. यंदा मागणीच कमी होती, मग बिघाड कमी झाले यात तुमच्या माणसाचं काय? बाकीच्यांचं म्हणणं, बघून सांगतो. मी तुझं दुसरं पान त्यांच्याकडे वळवून ठेवलं. तास. त्यांनी स्वतः कॅल्क्युलेटर काढून भागाकार केला.”

“आणि?”

“चोपन्नच आला.” ते हसले. “चार पक्के. वरिष्ठांच्या यादीत नाव गेलंय, पत्र महिनाअखेर येईल. आणि मेपासून नवी शेड तुझी. तो मुलगा पण चांगला आहे, त्याचं पुढच्या वर्षी होईल. त्याला तुझी ती तासांची पद्धत शिकव.”

मी ‘थँक्यू सर’ म्हटलं आणि उठले. दार उघडायला विसरून दारावरच आपटले. ते त्यांनी पाहिलं नसल्याचं दाखवलं, हा त्यांचा मोठेपणा.

आबांना फोन केला तेव्हा ते एका ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये अडकले होते. मी सगळं सांगितलं. त्यांचा प्रश्न तिथल्या मोठ्या साहेबाने विचारला, हेही सांगितलं. पलीकडे ट्यूबमधून हवा सुटल्याचा आवाज आला.

“मोठा साहेब म्हंजे किती मोठा?” त्यांनी विचारलं.

“सगळ्या उत्पादनाचा.”

“आन् त्यानं ह्येच इचारलं?”

“हेच.”

“बरं,” ते म्हणाले. मग शेजारच्या कुणाला तरी सांगताना ऐकू आलं, “बेंगलोरात आपलाच सवाल इचारत्यात.” फोन चालू आहे हे ते विसरले होते. मीही ठेवला नाही.

मेमध्ये मशिनं आली. पाचही, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. अण्णांना तिथे बदलून घ्यावं म्हणून मी लेखी विनंती केली होती, ती मान्य झाली होती. पहिलं मशिन जोडलं त्या दिवशी ते नवी वही घेऊन आले. पान उघडून, पट्टीने रकाने आखायला लागले: तारीख, मशिन, वेळ, किती मिनिटं.

“अण्णा, एक रकाना वाढवा.”

“कसला?”

मी मशिनच्या पडद्यावर तासांचं मीटर काढून दाखवलं. पाच शून्यं होती. अण्णांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि वहीत, कन्नडमध्ये, पाच गोल शून्यं काढली.

“घे,” त्यांनी पेन माझ्याकडे दिलं. “पहिली सही तुझी.”